अण्णा गाडीत आडवे झाले

आमच्या घरात गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यात आधी तिचा रंग ठरला. कोणती गाडी, केवढी, पेट्रोलवरची की गॅसवरची, यातलं काहीच नक्की नव्हतं, पण गाडी पांढरी असणार हे अण्णांनी जाहीर करून टाकलं. कारण विचारलं तर म्हणाले, "पांढरी गाडी इकायला सोपी जाती." गाडी दारात यायचा पत्ता नव्हता आणि माझे वडील तिला सासरी पाठवायच्या तयारीला लागले होते. माझ्या लग्नाचंही ते असंच करतात. स्थळ नाही, बोलणी नाहीत, पण मांडव कुठं घालायचा ते पक्कं आहे.

येडशीच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत, आमची वस्ती आहे. अण्णा शेती करतात. सोयाबीन, तूर, हरभरा, आणि दोनचार म्हशी. त्यांचा ट्रॅक्टर माझ्या लहानपणापासून घरात आहे आणि त्याच्यावर त्यांचा माझ्यापेक्षा थोडा जास्त जीव आहे. मी धाराशिवला एका दवाखान्यात नर्स आहे, अपघात विभागात. सुट्टीच्या दिवशी येडशीपर्यंत एसटीनं येते, तिथून अण्णा मोटारसायकलवर घरी नेतात. आई घरीच असते. गाडीबाबत तिची एकच अट होती, की काच पूर्ण खाली गेली पाहिजे, कारण बंद गाडीत तिला मळमळतं. घरातली ही एकमेव अट होती जी प्रत्येक गाडी पुरी करत होती, म्हणून तिला नंतर कुणी काही विचारलंच नाही.

अण्णांच्या अटी रोज वाढत होत्या. वस्तीवरून येडशीला दूध घालायला गेले की चहाच्या टपरीवर ते एक नवी अट घेऊन परत यायचे. गाडी उंच पाहिजे. डिकी मोठी पाहिजे. एव्हरेज चांगलं पाहिजे, म्हणजे गॅसवरची पाहिजे. सात जण बसले पाहिजेत. आम्ही घरात तिघं. मी हे लक्षात आणून दिलं, तर ते म्हणाले, "पाव्हनं काय टपावर बसवायचे का?"

माझी अट एकच होती. गाडी आपटली तर आतलं माणूस वाचलं पाहिजे.

हे मी असं थेट कधी बोलले नाही. मी म्हणायचे, सेफ्टी रेटिंग. त्या शब्दात बरं असतं, त्यात कुणाचा बाप नसतो. खरं तर मला भीती वाटत होती. येडशीच्या घाटातून, बार्शीच्या रस्त्यावरून, तुळजापूरकडून जी माणसं आमच्या दवाखान्यात येतात ती मी उतरवून घेते. त्यातली कितीतरी अण्णांच्या वयाची, अण्णांसारखाच सदरा घातलेली असतात. आता अण्णा त्याच रस्त्यावर गाडी घेऊन उतरणार होते, आणि त्यांना काळजी होती ती एव्हरेजची.

एका रविवारी मी त्यांना मोबाईलवर गाडी आपटून बघायचा व्हिडिओ दाखवला. गाडी जोरात येऊन ठोकळ्यावर आदळते, पुढचा भाग चुरतो, एअरबॅग फुगतात. अण्णांनी चष्मा लावून शांतपणे सगळा बघितला.

"नवी गाडी हाय का ही?"

"नवीच."

"नवीकोरी गाडी मुद्दाम आपटली?"

"बघायला, की आतल्या माणसाचं काय होतं."

"आत कोन हाय?"

"पुतळा आहे, अण्णा. माणसाएवढा पुतळा."

अण्णांनी पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "येवढी गाडी मोडली, ती बी पुतळ्यासाठी." आणि चष्मा काढून म्हशीकडे गेले.

मी मागून ओरडून सांगितलं, की पुतळ्यानंसुद्धा बेल्ट लावला होता. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं तरी पुतळ्याची बरोबरी करायची त्यांना गरज वाटली नाही.

मग आम्ही धाराशिवला शोरूम बघायला निघालो. पहिली गाडी अण्णांच्या पसंतीची, लांबलचक, सात जणांची, गॅसवरची. शोरूमचा माणूस तरुण, टाय लावलेला. त्यानं आम्हाला पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि पाच मिनिटं स्क्रीनबद्दल बोलला. स्क्रीनवर गाणी लागतात, नकाशा दिसतो, मागचा कॅमेरा दिसतो. अण्णांनी तोवर बोनेटवर टकटक करून पत्र्याचा आवाज ऐकला, दारं उघडून लावून बघितली, आणि मग फरशीवर उकिडवे बसून गाडीखाली वीत लावली.

"काका, ग्राउंड क्लिअरन्स एकदम मस्त आहे," टायवाला म्हणाला, आणि आकडा सांगितला.

"ते मोकळ्या गाडीचं झालं," अण्णा खालूनच म्हणाले. "सात मानसं बसल्यावर किती राहतंय?"

टायवाल्यानं हसून कागद चाळला. कागदात ते नव्हतं. अण्णा उठले आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू पहिला डाव त्यांनीच मारला होता.

आता माझी पाळी होती. मी विचारलं, या गाडीला किती स्टार आहेत. तो म्हणाला, "मॅडम, सेफ्टी तर फुल आहे. एबीएस आहे, सेन्सर आहेत, कॅमेरा आहे." मी म्हटलं, कॅमेरा गाडी आपटताना नीट दाखवेल, पण आत बसलेल्याचं काय? एअरबॅग किती? दोन. आणि टेस्टमध्ये गाडीचा सांगाडा टिकला की नाही? तो म्हणाला, "मॅडम, एवढं आजपर्यंत कुणी विचारलं नाही." आकडे मी घरून बघून गेले होते. स्टार दोनच, आणि सांगाड्यापुढं लिहिलेलं होतं की तो डळमळीत आहे. म्हणजे बसणारी जागाच दबत असेल तर एअरबॅग फुगून तरी कुणाला धरणार? हे मी अण्णांना समजावून सांगायला वळले, तर अण्णा जागेवर नव्हते.

अण्णा गाडीत होते. चपला दाराशी नीट काढून ठेवलेल्या, आणि ते मधल्या सीटवर आडवे. गुडघे मुडपलेले, दार अर्धवट उघडं. तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून त्यांनी टायवाल्याला ती सीट पुढं पाडायला लावली, मागचीही पाडायला लावली, आणि मग त्या सपाट जागेवर पाठ टेकून, हात छातीवर ठेवून पडले. शोरूममधल्या दुसऱ्या एका कुटुंबानं स्वतःची गाडी बघायची सोडून आमची बघायला सुरुवात केली.

"बसतंय," अण्णा गाडीच्या छताला म्हणाले.

मला फरशीनं पोटात घेतलं असतं तर मी आनंदानं गेले असते. मला वाटलं, जत्रेला गेल्यावर झोपायची सोय बघतायत. नाहीतर पेंडीची पोती मोजतायत स्वतःच्या अंगानं. मी त्यांना हाताला धरून उठवलं आणि बाहेर आणलं. ही गाडी घ्यायची नाही, एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "मंग तूच घे. तुलाच समदं कळतंय." स्टँडसमोर आम्ही चहा घेतला. त्यांनी माझ्याकडे पाठ करून प्यायला.

दुसरी गाडी माझ्या पसंतीची होती. लहान, पाच जणांची, पण बऱ्यापैकी उंच. पाच स्टार, सहा एअरबॅग, पाचही सीटला तीन जागी धरणारा बेल्ट, आणि मागच्यानं बेल्ट लावला नाही तरी गाडी ओरडणार. अण्णा यायला तयार नव्हते. चालवायला मिळेल म्हटल्यावर आले. त्यांचं ट्रॅक्टरचं लायसन हलक्या गाड्यांचंच आहे, त्यामुळं त्यावर ही गाडीही चालते, हे त्यांनी शोरूमच्या माणसाला न विचारता सांगितलं.

येडशीच्या रस्त्याला लागलो. पुढं अण्णा, शेजारी शोरूमचे एक वयस्कर गृहस्थ, मागं मी. अण्णा गाडी ट्रॅक्टरसारखी चालवत होते. पाय सारखा क्लचवर, आणि थोड्या थोड्या वेळानं मान वळवून मागं बघायचे, नांगर नीट चाललाय का ते. मागं नांगराच्या जागी मी होते.

बेल्ट त्यांनी घेतला होता, पण लावला नव्हता. खांद्यावरून ओढून नुसता मांडीवर धरला होता. लांबून पोलिसाला दिसावा एवढाच. गाडी टिंग टिंग करत होती.

"गाडी वरडतीया," अण्णा म्हणाले. "नवी हाय तरी?"

"काका, बेल्ट," गृहस्थ म्हणाले.

"धरलाय की."

"धरून नाही, लावावा लागतो."

"म्या काय पळून चाललोय का, बांधून घ्यायला?"

गाडी बाजूला घेऊन गृहस्थांनी स्वतः खटका लावला. टिंग टिंग थांबलं. अण्णा घाट चढले, जंगलापाशी वळले आणि परत आले, पण सगळा वेळ त्यांचं तोंड दावणीला बांधल्यासारखं होतं. तरी गाडी त्यांना आवडली होती. घाटात ती दमली नाही, वळणावर झुकली नाही, हे ते स्वतःशीच पुटपुटले. मी मागं बसून ऐकलं आणि मनात म्हटलं, झालं, जिंकलं.

शोरूममध्ये येऊन अण्णांनी चपला काढल्या आणि मागच्या सीटवर आडवे झाले.

या वेळी पाय गुडघ्यापासून बाहेर. ते एका कुशीवर झाले, मग दुसऱ्या कुशीवर. मग उठून चपला घातल्या. "न्हाय बसत," ते म्हणाले. "चला."

माझा तोल गेला. "अण्णा, गाडी चालवायला घेताय की झोपायला? घरी खाट आहे ना?"

ते दाराकडे चालायला लागले होते. थांबले. "तुझी माय माडीवरच्या जिन्यावरून पडली तवा तू कुठं व्हतीस?"

मी तेव्हा लातूरला नर्सिंग शिकत होते. आईची मांडी मोडली होती. मी दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा ऑपरेशन झालेलं होतं, मांडीत सळई बसलेली, आई झोपेत.

"तू आलीस तवा ती पांढऱ्या चादरीवर व्हती," अण्णा म्हणाले. "तिला नेली कशी ते तू बगितलं न्हाय. शेजारच्या गावची जीप मिळाली. मागं फळकुटाच्या सीटा. आडवी टाकायला जागाच न्हाय. मोडलेला पाय मुडपून बसवली तिला. वस्तीपासून धाराशिवपोतर, दर खड्ड्याला..." गृहस्थांनी उगाच टेबलावरचा पेन उचलून ठेवला. "म्या तवाच ठरवलं. आपल्या दारात गाडी आली तर तिच्यात मानूस आडवं झालं पायजे."

मी म्हटलं, आता अँब्युलन्स येते, अण्णा.

"येती. डांबरीपोतर येती. पावसात आमच्या काळ्या रानातून डांबरीपोतर कोन आननार? आन् दारात गाडी असली की ती काय आपली एकट्याची राहती व्हय? वस्तीवर कुनाचं कायबी झालं तर आपल्याच दारात येनार. यावंच. त्यास्नी काय सांगू, बसून चला म्हनून?"

सात सीटा पाव्हण्यांसाठी नव्हत्या. दवाखान्याच्या दारापासून पुढचं सगळं मला पाठ होतं, आणि दाराच्या अलीकडचं अण्णांना. आम्ही इतके दिवस दोन वेगवेगळ्या गाड्यांसाठी भांडत होतो. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. हे घरी, म्हशीजवळ, कधीही सांगता आलं असतं. पण आमच्या घरात सरळ बोलायची पद्धतच नाही. तेही बोलले नाहीत आणि मीही नाही.

मी गृहस्थांना विचारलं, या गाडीच्या मागच्या सीटची पाठ पडते का? ते म्हणाले, पडते. या मॉडेलला पूर्ण एकदमच पडते, वरच्या मॉडेलला दोन भागांत. अर्धी पाडायची, अर्धी बसायला. मी म्हटलं, वरचं मॉडेल दाखवा.

डावीकडचा भाग पाडला. पुढची डावी सीट पार पुढं सरकवली. डिकीतलं झाकण काढलं. आता पुढच्या सीटच्या पाठीपासून डिकीच्या दारापर्यंत एक लांब जागा झाली, थोडीशी चढाची, पण सलग. अण्णांनी चपला काढल्या. डोकं पुढं, पाय डिकीकडे करून ते पडले. मी उरलेल्या सीटवर त्यांच्या शेजारी बसले. गृहस्थांनी हळूच डिकीचं दार लावलं. लागलं. टाचा दाराला टेकल्या, पण लागलं.

"बसतंय," अण्णा म्हणाले.

बसलेल्या जागेवरून मला त्यांचं तोंड दिसत होतं, हात पोचत होता. सवयीनं मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी जरा जोरात होती. माझीही असणार.

"आडवं पडलेल्याला बेल्ट नाही, अण्णा," मी म्हटलं. "मला हे पटत नाही."

"आडवं पडल्यालं मानूस दवाखान्यात चाललंय," ते म्हणाले. "ज्याला चालवायची हाय त्यानं हळू चालवायची. एवढं तर कळतंय मला."

यात मी राखून ठेवलेली एक गोष्ट होती, ती मी त्यांना डिकीचं दार उघडल्यावर सांगितली. गॅसची गाडी घेतली तर सिलिंडर नेमका याच जागेत येतो. पाठ पडते, पण मागं डिकीत टाकी आडवी. म्हणजे एव्हरेज किंवा आडवं माणूस, दोन्ही नाही. अण्णा बराच वेळ त्या मोकळ्या डिकीकडे बघत उभे राहिले. गॅससाठी त्यांनी टपरीवर किती वाद जिंकले होते ते मला माहीत होतं. मग म्हणाले, "पेट्रोलच घ्या मंग," आणि घरातलं कुणी गेल्यासारखं तोंड करून पाणी मागितलं.

पुढचं सगळं आम्ही एका बाजूनं भांडलो. गृहस्थ म्हणाले, पांढरी गाडी तयार उभी आहे, चार दिवसांत देतो. मी चासी नंबर मागितला. त्यावरून गाडी कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात बनली ते कळतं. ती मागच्या वर्षीची निघाली, आवारात ऊन खात उभी. नंबरप्लेट यंदाची असली तरी विकताना गाडी बनली त्या वर्षाचीच, म्हणजे एक वर्ष जुनी धरतात, हे मी सांगितल्यावर अण्णांचे डोळे चमकले, कारण विकण्याचा विषय निघाला होता. "दात बगून घेतले म्हन की," ते म्हणाले. "तुला बैलबाजारात न्यायला पायजे व्हतं." चालू वर्षाची, नुकतीच आलेली गाडी मिळेपर्यंत थांबायचं ठरलं. मी विमा बाहेरून काढायचं सांगितलं, हँडलिंगच्या नावाखाली शोरूमनं वर लावलेली रक्कम खोडायला लावली. अण्णांनी गाडीच्या पुढं लोखंडी गार्ड मागितलं, ते कायद्यानं बंद आहे म्हणून मिळालं नाही. मग त्यांनी फुकटात चिखलपट्ट्या, पायपुसणी आणि सीटची कव्हरं मिळवली, आणि घरी येईपर्यंत त्या कव्हरांचंच बोलत राहिले.

गाडी घ्यायला गेलो त्या दिवशी मी आधी तिच्याभोवती फिरून ओरखडे बघितले, टायर बघितले, स्टेपनी काढायला लावली, किलोमीटरचा आकडा बघितला. आई नवं लुगडं नेसून उभी होती. अण्णा तिला आत बसवून कव्हरं दाखवत होते. मऊ, जाड, लालसर. मी पुढच्या सीटची कड चाचपली. कव्हराखाली शिवणीत छोटी पट्टी असते, एअरबॅग लिहिलेली. बाजूची एअरबॅग त्या सीटमधूनच फुटून बाहेर येते. या कव्हराला तिथं ना उघडी जागा होती ना सुटणारी शिवण.

"ही काढायला लागतील," मी म्हटलं.

"फुकटची हायत!"

"सहातल्या दोन एअरबॅग याच्यात अडकतील."

अण्णांनी क्षणभर हिशेब केला. "मंग चार राहतात की. त्या मोठ्या गाडीत दोनच व्हत्या."

कव्हरं निघाली. अण्णांनी ती घडी करून घरी आणली. त्यातलं एक आज ट्रॅक्टरच्या सीटवर आहे, दोऱ्यांनी बांधलेलं.

पुढं काही आठवडे बरे गेले. अण्णा गाडी हळू चालवत होते, रोज पुसत होते, आईला येडशीला नेऊन काच खाली करून परत आणत होते. एका सुट्टीला ते मला स्टँडवर घ्यायला आले. मी बसले, बेल्ट लावला. गाडी निघाली. अण्णांच्या छातीवर बेल्ट नव्हता, आणि गाडी गप्प होती.

मी वाकून बघितलं. खटक्यात एक लोखंडी जीभ खोचलेली होती, नुसती, पट्ट्याशिवाय. धाराशिवच्या एका दुकानात मिळते. गाडीला वाटतं बेल्ट लागला.

"लई वरडत व्हती," अण्णा म्हणाले. "शेतातनं घरी येईस्तोवर बी वरडती."

मी गाडी थांबवायला लावली. आधी मी नर्ससारखं सांगितलं. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुटते, आणि ती धरून चालते की माणूस बेल्टनं जागेवर आहे. बेल्ट नसला तर माणूस आधीच पुढं फेकलेलं असतं, आणि ती त्याच्या तोंडावरच फुटते. जी तुम्हाला वाचवायला घेतली तीच तुम्हाला मारेल. अण्णा समोर रस्त्याकडे बघत होते. त्यांच्या कानात पुतळाही शिरला नव्हता, पापणी कुठून शिरणार?

मग माझ्यातली नर्स संपली. मी म्हटलं, "अण्णा, रोज दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं की मी आधी तोंड बघते, हे तुम्ही तर नाही ना. रोज. तुम्ही नसलात की मग माझे हात चालतात. तुम्ही असलात तर मी काय करू? सांगा, काय करू मी?" आणि मी रडायला लागले, भर रस्त्यात, मागून ट्रक हॉर्न देत असताना.

अण्णांनी ती जीभ काढून माझ्या हातात दिली. मी ती पर्समध्ये टाकली. दुकानात अशा ढीगभर मिळतात हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून त्यावर कुणी बोललं नाही. घरी जाईपर्यंत त्यांनी बेल्ट लावला होता. मी शेजारी होते म्हणून लावला, असं मी धरून चालले.

नंतर एका दुपारी मी कामावर होते. उन्हाचा कडाका होता. दवाखान्याच्या पोर्चमध्ये एक पांढरी गाडी अगदी सावकाश येऊन थांबली, खड्ड्याला घाबरावी अशी. नंबर मला पाठ होता. मी दारापर्यंत धावले तेव्हा अण्णा उतरून डिकीचं दार उघडत होते.

आत आमच्या शेजारचे काका आडवे होते. चिंचा झोडायला चढले आणि पडले. मांडीच्या दोन्ही बाजूंना फळ्या, धोतराच्या पट्ट्यांनी घट्ट बांधलेल्या, पाय एकदम सरळ. उरलेल्या सीटवर काकू, बेल्ट लावलेल्या, काकांचा हात धरून. काका कण्हत होते, पण शुद्धीवर होते. मागून स्ट्रेचर आलं.

मला आधी काकांकडे बघायचं होतं. मला तेच शिकवलं आहे. पण माझी नजर अण्णांवर अडकली. घामानं सदरा अंगाला चिकटला होता, आणि त्या पांढऱ्या सदऱ्यावर उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत एक तिरकी, मातकट, चुरगळलेली पट्टी उठली होती. वस्तीपासून इथपर्यंतची. मी शेजारी नसताना.

मी हात पुढं करून त्या पट्टीला लावला.

"माझ्याकडं काय बगतीयास," अण्णा माझ्यावर ओरडले. "त्यास्नी बग की!"

मग मी काकांकडे वळले.